पहिलं गाणं बसवताना: कान, टॅब आणि कॉर्ड चार्टच्या नोंदी

४ जानेवारी

आज पहिली प्रॅक्टिस झाली. आम्ही चौघं आहोत: मी गिटारवर, एक बेसवाला, एक ड्रमर, आणि कीबोर्ड वाजवत गाणारी एक मैत्रीण, जी लहानपणी पेटी शिकलेली आहे. एकच गाणं निवडलंय, मध्यम चालीचं, चार कॉर्डचं, ऐकायला अगदी सरळ. सगळ्यांनी घरून तोच कॉर्ड चार्ट उतरवून आणला होता, म्हणजे शब्द आणि शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची नावं.

```
Capo 2
G    D    Em    C
```

पहिल्याच ओळीला इतकं बेसूर वाजलं की आम्ही सगळे थांबलो. प्रत्येकजण आपापला कॉर्ड बरोबर धरत होता, चार्टवर बोट ठेवून दाखवत होता की बघ, जी लिहिलंय, मी जीच वाजवतोय. अर्धा तास गेल्यावर कळलं की माझ्या गिटारवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावलेला आहे, त्यामुळे मी जीचा शेप धरला तरी आवाज एचा येतोय, आणि कीबोर्ड नि बेस मात्र खराखुरा जी वाजवतायत. म्हणजे अख्खा एक टोन फरक. चार्ट चुकीचा नव्हता, तो गिटारवाल्याच्या बोटांसाठी लिहिलेला होता आणि बाकीच्या दोघांना "कॅपो २" या ओळीचा अर्थ आपल्यासाठी काय होतो हे माहीतच नव्हतं.

ही नोंदवही त्यामुळेच सुरू केली. कुठली गोष्ट कशातून कळली हे लिहून ठेवायचं, कारण पुढच्या गाण्याला हाच घोळ परत नको.

७ जानेवारी

आज कुणीही चार्ट बघायचा नाही असं ठरवलं. फक्त गाणं ऐकलं. ही सूचना गाणारीची. ती म्हणाली आधी सा शोधा, बाकीचं नंतर.

पद्धत सोपी आहे पण कुणी सांगेपर्यंत सुचत नाही. गाणं वाजू द्यायचं, मध्येच बंद करायचं, आणि मनात जो सूर "घरी आलो" असा वाटतो तो गुणगुणायचा. आम्ही तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बंद करून पाहिलं, दरवेळी तोच सूर आला. मग बेसवाल्याने तो सूर तोंडाने धरून ठेवत जाड तारेवर एकेक फ्रेट वर सरकत शोधला, पाचव्या फ्रेटवर जुळला. तो ए. पेटीच्या भाषेत पांढरी सहा. आता चार्टवरचा जी आणि कॅपो दोन मिळून ए होतो हे कानानेही पटलं. चार्टवर विश्वास ठेवावा लागला नाही, तो तपासता आला, हा फरक मला फार मोठा वाटतो.

इथे एक सावधगिरी. गाण्याचा शेवटचा कॉर्ड हाच सा असेल असं धरू नये, कित्येक गाणी मुद्दाम अधांतरी सोडलेली असतात, आणि सुरुवात तर कुठूनही होते. म्हणून मध्ये तीनचार ठिकाणी थांबवून बघायचं. आणि जुन्या रेकॉर्डिंगमध्ये टेपच्या वेगामुळे सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडलेला असू शकतो, तेव्हा ट्यूनरला दोष न देता आपली वाद्यं त्याच्याशी तात्पुरती जुळवून ऐकायची. आमचं गाणं सुदैवाने नीट ट्यूनरवर बसतं.

मग चार्ट नव्याने लिहिला, ऐकू येणाऱ्या सुरांत, आणि माझे शेप त्याच्याखाली:

```
A    E    F#m    D     (आवाज)
G    D    Em     C     (गिटार, कॅपो २)
```

कीबोर्डने वरची ओळ वाजवली, मी खालची, आणि पहिल्यांदा एक झालो.

११ जानेवारी

आज ड्रमरचा दिवस होता. सूर जुळले तरी दरवेळी मुखड्यापाशी आम्ही फुटत होतो, कुणी आधी पोचायचं कुणी नंतर. शब्दांवर कॉर्ड लिहिलेल्या चार्टचा हा मोठा तोटा आहे, कॉर्ड कुठल्या शब्दावर बदलतो ते कळतं पण किती वेळ टिकतो ते कळत नाही, आणि जिथे शब्दच नाहीत तिथे तर काहीच कळत नाही. ज्याला गाणं आधीच पाठ आहे त्याच्यासाठी तो चार्ट पुरतो. आम्हाला पाठ आहे असं वाटत होतं, पण ते गायला पाठ होतं, मोजायला नव्हतं.

ड्रमरने वाद्य बाजूला ठेवलं आणि एक, दोन, तीन, चार मोजत नुसत्या टाळीने गाणं ऐकलं. स्नेअर दोनवर आणि चारवर पडतो. सुरुवातीचं म्युझिक चार बार, अंतरा सोळा बार, सगळं छान, आणि मुखडा सुरू झाला तसा स्नेअर एक आणि तीनवर पडायला लागला. वाजवणारा तर बदललेला नाही, म्हणजे आपलंच मोजणं दोन बीटने घसरलं. मला वाटतं ही खूण प्रत्येक नवशिक्या बँडला माहीत असायला हवी: स्नेअर अचानक उलटा वाटला की समजावं मागे कुठेतरी अर्धा बार जास्त आहे किंवा कमी आहे.

मग घड्याळानेही तपासलं. गाण्याची चाल मिनिटाला ९६ बीट आहे, म्हणजे चार बीटचा एक बार अडीच सेकंदांचा. म्युझिकचे चार बार म्हणजे दहा सेकंद, अंतऱ्याचे सोळा बार चाळीस सेकंद, हिशोबाने मुखडा ०:५० ला यायला हवा. प्लेअरवर तो ०:५१ नंतर येतो. सव्वा सेकंदाचा फरक, म्हणजे बरोब्बर दोन बीट. शेवटच्या डी कॉर्डनंतर दोन बीटचा एक छोटा बार आहे, गाणारी तिथे श्वास घेते आणि ड्रमवर एक छोटी फिल आहे. (हा हिशोब गाणं क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, रेकॉर्ड झालेलं असेल तरच इतका चोख जुळतो, चाल जरा जरी पुढेमागे होत असली तर नुसत्या टाळीवर भरवसा ठेवायचा.)

आता चार्ट असा:

```
Intro   | A | E | F#m | D |
Verse   | A | E | F#m | D |  x4
        | D (2 beats) |
Chorus  ...
```

शब्द काढून टाकले. बारच्या रेघा आल्या. एवढ्याने ड्रमरलाही चार्टचा उपयोग व्हायला लागला, नाहीतर त्याच्यासाठी त्या कागदावर आजवर काहीच नव्हतं.

१८ जानेवारी

बेसवाला नाराज होता. तो चार्टप्रमाणे ए, ई, एफ शार्प, डी वाजवत होता, एकही सूर चुकीचा नव्हता, तरी रेकॉर्डवर जी हळूच उतरत जाणारी भावना आहे ती येत नव्हती. आमचं वाजवणं उड्या मारल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं टोन बदल, त्याने बदलला, काही फरक नाही.

चूक अशी सापडली की तो घरी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत होता. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, फोनच्या बारक्या स्पीकरमधून इतका खालचा सूर जवळजवळ येतच नाही, त्यामुळे त्याला बेस ऐकू येत नव्हता आणि तो चार्टवरून अंदाजाने वाजवत होता. आज हेडफोन लावले, गाण्याचा वेग ७० टक्क्यांवर आणला (सूर तोच ठेवून फक्त वेग कमी करता येतो अशी सोय बऱ्याच प्लेअरमध्ये असते) आणि फक्त पहिले चार बार लूपवर टाकले. यापेक्षा फार हळू केलं तर आवाज चरचरीत होतो आणि बेसच आधी गढूळ होतो, म्हणून ७० च्या खाली गेलो नाही.

मी त्याला सांगितलं गिटार उचलू नको, आधी गा. त्याने बेस गाऊन दाखवला आणि गाता गाताच थांबून म्हणाला, अरे हा तर पायऱ्या उतरतोय. दुसऱ्या कॉर्डला बेस ईवर नाहीच, जी शार्पवर आहे. जाड तारेवर पाचवा फ्रेट, मग चौथा, मग दुसरा, आणि मग शेजारच्या तारेवर पाचवा. ए, जी शार्प, एफ शार्प, डी.

कॉर्ड ईचाच आहे, कारण ईच्या कॉर्डमध्ये ई, जी शार्प आणि बी हे तीन सूर असतात, फक्त त्यातला जी शार्प तळाशी ठेवलाय. चार्टमध्ये हे लिहायची पद्धत आहे, तिरकी रेघ मारून खाली बेसचा सूर: `E/G#`. आमच्या उतरवलेल्या चार्टवर ती तिरकी रेघ नव्हती, कुणीतरी सोपं करण्यासाठी काढून टाकली असणार. एकट्याने गिटार घेऊन गायचं असेल तर चालतं, पण बँडमध्ये बेसवाल्याचं अख्खं काम त्या एका रेघेत असतं.

यावरून मी एक सवय लावून घेतोय. कॉर्ड ओळखायला बसलो की पूर्ण कॉर्ड ऐकायच्या भानगडीत पडायचं नाही, आधी तळाचा सूर गायचा, तो वाद्यावर शोधायचा, मग त्यावर मेजर लावून बघायचा नि मायनर लावून बघायचा, दोन्हीत फक्त एका सुराचा फरक आहे. एफ शार्पवर आम्ही मुद्दाम मेजर वाजवून पाहिला, ए शार्पचा सूर गाण्याशी लगेच भांडायला लागला, मायनरचा ए लावला की भांडण मिटलं.

२२ जानेवारी

सुरुवातीच्या म्युझिकमध्ये गिटारवर एकेक तार छेडत वाजवलेला तुकडा आहे. तो मी कानाने दोन दिवस शोधत होतो. सूर मिळत होते पण हात फार धावत होता, कारण एकच सूर गिटारवर तीनचार ठिकाणी सापडतो आणि मी त्यातल्या नेमक्या अवघड जागा निवडत होतो. शेवटी टॅब घेतली, म्हणजे कुठल्या तारेवर कितवा फ्रेट दाबायचा ते आकड्यांत लिहिलेला कागद. पहिले दोन बार:

```
e|-----------------|-----------------|
B|-----3-------3---|-----3-------3---|
G|---0---0---0---0-|---2---2---2---2-|
D|---------0-------|---------0-------|
A|-----------------|-----------------|
E|-3---------------|-2---------------|
```

पहिल्यांदा मी ती उलटीच वाचली. वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार, आणि गिटार मांडीवर घेऊन खाली बघितलं की जाड तार वर दिसते, त्यामुळे हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. गंमत म्हणजे सोळाव्या शतकात इटलीत ल्यूटसाठी जी टॅब छापायचे (पेट्रुच्चीने १५०७ मध्ये छापलेली पुस्तकं आहेत) तिच्यात वरची रेघ जाड तारेचीच असायची, म्हणजे माझ्या डोळ्यांना पटली असती ती पद्धत खरंच अस्तित्वात होती. दुसरी गोष्ट, आकडे कॅपोपासून मोजायचे. टॅबमधला ३ म्हणजे कॅपोपुढचा तिसरा, गिटारचा पाचवा.

टॅबने काय दिलं तर हात. जागा कळल्या आणि मग दिसलं की डावा हात जवळजवळ हलतच नाही, जीचा शेप धरून ठेवायचा, एक दोन बोटं सरकवायची, आणि मोकळ्या तारा मागे वाजत राहतात म्हणून तो आवाज असा पसरट येतो. मी वर जाऊन बंद तारांवर तेच सूर वाजवत होतो तेव्हा सूर बरोबर असूनही प्रत्येक आवाज तुटत होता. हे चार्टमधून कधीच कळलं नसतं, आणि कानाने कळायला मला अजून एखादं वर्ष लागलं असतं.

२५ जानेवारी

टॅबचा चौथा बार चुकलाय असं माझं मत झालंय. तिथे सीचा साधा शेप लिहिलाय, दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट. वाजवला तर वरचा सूर मधेच खाली पडल्यासारखा होतो. रेकॉर्डवर तसं काही पडत नाही.

खात्री कशी करायची यावर बराच वेळ गेला. शेवटी गाणारी म्हणाली, मी पहिल्या कॉर्डपासून वरचा एकच सूर आऽऽ करून धरते, तुम्ही रेकॉर्ड चालू ठेवा. तिने ई धरला आणि चारही कॉर्ड खालून निघून गेले, तो सूर कुठेही टोचला नाही. ती म्हणाली हा पंचम आहे, तानपुऱ्यासारखा सतत वाजतोय. सा ए असला की पंचम ई, बरोबर.

म्हणजे दुसऱ्या तारेवरचा तिसरा फ्रेट चारही कॉर्डना धरूनच ठेवायचा आहे. चौथा कॉर्ड साधा डी नसून त्यात नववा सूर मिसळलेला आहे, चार्टवर `Dadd9` असं लिहितात, माझ्या शेपमध्ये `Cadd9`. टॅबमध्ये पहिले दोन बार बरोबर होते, तिथे ३ दिसतोच आहे, चौथ्या बारला लिहिणाऱ्याने बहुतेक चार्टवरचा सी बघून सवयीचा शेप टाकला.

यातून कीबोर्डचं काम एकदम सोपं झालं. आधी ती प्रत्येक कॉर्डला हात उचलून नवीन जागी ठेवत होती. आता उजव्या हाताची करंगळी ईवर बसवून ठेवली आणि खालची बोटं हलवली: ए-सी शार्प-ई, मग जी शार्प-बी-ई, मग परत ए-सी शार्प-ई, मग एफ शार्प-ए-ई. तिसऱ्या कॉर्डला उजवा हात पहिल्यासारखाच आहे हे बघून आम्ही दोनदा तपासलं. खरंच तसं आहे. वर एचा कॉर्ड आणि तळाला बेसचा एफ शार्प, दोन्ही मिळून एफ शार्प मायनर सेव्हन. बेसवाल्याला मुद्दाम तिथे ए वाजवायला सांगितलं तर तो कॉर्ड पहिलाच होऊन बसला, उदासपणा गायब. कॉर्ड एकटा कीबोर्ड वाजवत नाही आणि एकटा गिटारवालाही नाही, तो चौघांत वाटलेला असतो, हे आज हाताला कळलं.

१ फेब्रुवारी

सगळे सूर बरोबर, बार बरोबर, आणि तरी शाळेच्या कवायतीसारखं वाजतंय. रेकॉर्ड केलं आणि मूळ गाण्याशी एकाआड एक ऐकलं.

फरक असा निघाला. टॅबमध्ये आठ आकडे सारख्या अंतरावर छापलेत, म्हणून मी दुसऱ्या बारचा जाड तारेचा सूर बरोबर एकवर वाजवत होतो. रेकॉर्डवर तो एकच्या अर्धा बीट आधी येतो, "एक अँड दोन अँड तीन अँड चार अँड" मोजलं तर शेवटच्या अँडवर, आणि तिथूनच पुढच्या बारमध्ये ताणलेला राहतो. साध्या टॅबमध्ये असलं काही लिहिलेलं नसतं, आकड्यांमधली मोकळी जागा म्हणजे वेळ नव्हे. कुणी खाली ताल लिहिला असेल तर गोष्ट वेगळी.

हे शोधायला वाद्य घेतलं नाही. पायाने बीट आणि तोंडाने बेस, एवढंच. पाय खाली यायच्या आधी तोंड बोलून मोकळं होत होतं. मग चौघांनी तसंच बसून केलं, नंतर वाद्यांवर, आधी ७० टक्क्यांच्या चालीवर, मग ८५, मग पूर्ण. एकानेही एकवर वाजवलं की ढकलल्याचा परिणाम जातो, त्यामुळे ड्रमरने किकही त्याच अँडवर घेतला. चार्टवर दुसऱ्या कॉर्डच्या आधी एक छोटा बाण काढलाय, आमची खूण.

८ फेब्रुवारी

गाणारीला मुखडा उंच पडतोय. घरी एकटीने गाताना जमतं, ड्रमच्या आवाजावर ताणावं लागतं. एक टोन खाली, पांढरी पाच करूया असं ठरलं.

इथे प्रत्येकाच्या कागदाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. माझी टॅब जशीच्या तशी राहिली, फक्त कॅपो काढला, पहिल्या दिवशी ज्याने घोळ घातला तोच कॅपो आज नसल्याने सगळं सोपं झालं. बेसवाला प्रत्येक सूर दोन फ्रेट खाली सरकला: तीन, दोन, मोकळी तार, आणि शेजारच्या तारेवर तीन. मोकळ्या तारेचा सूर वाजतच राहतो, त्यामुळे तो आता वेळेवर तळव्याने दाबावा लागतो, ही सवय अजून व्हायचीये. कीबोर्डला मात्र सगळं नव्याने बसवावं लागलं.

म्हणून चार्ट परत लिहिला, यावेळी कॉर्डच्या नावांऐवजी आकड्यांत. सा म्हणजे १ धरायचा आणि बाकीचे त्यापासून मोजायचे. नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे वापरतात, नील मॅथ्यूज या गायकाने ते सुरू केलं. गाणाऱ्याची पट्टी बदलली की कागद बदलायला लागू नये हाच हेतू.

```
Intro   | 1 | 5/7 | 6m7 | 4add9 |
Verse   | 1 | 5/7 | 6m7 | 4add9 |  x4
        | 4add9 (2 beats) |
```

पेटी शिकलेलीला हे समजावायला लागलं नाही, ती म्हणाली सा, नी, ध, म, बेसचं असंच चाललंय ना. तिने नव्या पट्टीत करंगळी डीवर ठेवली आणि बाकीचं त्याखाली बसवलं, दहा मिनिटांत झालं.

नवीन पट्टीत पूर्ण गाणं दोनदा वाजवलं. छोट्या बारवर पहिल्यांदा बेसवाला चुकला, दुसऱ्यांदा कुणीच नाही. मुखड्याच्या शेवटी ड्रमची जी लांब फिल आहे ती आम्ही अजून अंदाजाने घेतोय, ड्रमर ती बुधवारपर्यंत ७० टक्क्यांवर ऐकून तोंडाने बोलून आणणार आहे, स्टिक हातात घ्यायच्या आधी.